तीनशे नऊ

दोन्ही रजिस्टरं एकाच रुमालात बांधलेली होती. गाठ सुटेना म्हणून शालनने शेवटी कात्री लावली.

वरचं लाल रेक्झिनचं. वॉर्डाचं आंतररुग्ण रजिस्टर, १९९३. खालची साधी दोनशे पानी वही, शाळेतल्या पोरांची असते तशी. तिच्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं : ‘तंबू’. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली, तेव्हा या दवाखान्याच्याही भिंतींना चिरा गेल्या. आतल्या खाटा बाहेर आल्या, आवारात तंबू पडला. लाल रजिस्टर आत कपाटात राहिलं आणि ज्या सिस्टरच्या हाताला जी वही लागली तिच्यात नोंदी सुरू झाल्या. तेव्हा पाऊसही होता. वहीची कितीतरी पानं फुगलेली, शाई पसरलेली.

लाल रजिस्टरात २१४ नावं, वहीत १३१. बेरीज ३४५. वार्षिक अहवालात हाच आकडा इतकी वर्षं चालत आला होता.

आता जिल्ह्याहून पत्र आलं होतं. जुन्या नोंदी संगणकावर घ्या, प्रत्येक रुग्णाला एकच क्रमांक द्या. शालनने नावं वाचली, ऑपरेटर अक्षयने टाइप केली. चार दिवस लागले. मग त्याने नाव, गाव आणि तारीख असे तीन रकाने निवडले, ‘Remove Duplicates’ दाबलं आणि खुर्ची मागे सरकवली.

“मॅडम, ३१२. तेहतीस डबल होते, उडाले.”

“उडाले म्हणजे कुठले तेहतीस?”

“ते नाही दाखवत. नुसता आकडा सांगतं.”

तेहतीस हा आकडा तिला अशक्य वाटला नाही. भूकंपाच्या आधी वॉर्डात असलेली माणसं तंबूत पुन्हा लिहिली गेलीच असणार, आणि वहीत दाखल तारीख जुनीच धरलेली होती. पण नाव उडालं म्हणजे माणूस उडाला, आणि कोणता उडाला हे न बघता सही करायला ती तयार नव्हती. तिने मूळ फाइलची प्रिंट काढली, दोन्ही रजिस्टरं शेजारी उघडली आणि लाकडी पट्टी लावून एकेक ओळ तपासायला बसली.

तेहतिसातले एकतीस खरे निघाले. तोच माणूस, तेच गाव, तोच मोडलेला पाय. बत्तिसावा होता दत्ता मारुती, मंगरूळचा. वहीत एकाच दिवशी, एकाच नावाचे दोन. संगणकाने एक ठेवला होता. पण वयाच्या रकान्यात एकाचं साठ होतं, दुसऱ्याचं आठ. अक्षयने वयाचा रकाना निवडलाच नव्हता.

तेहतिसाव्या ओळीशी ती अडली. ४ ऑक्टोबर. ‘सुमनचे बाळ, मुलगी’. खाली पुन्हा ‘सुमनचे बाळ, मुलगी’. गाव एक, तारीख एक. वेळेच्या आणि वजनाच्या रकान्यावर पावसाचा डाग. गडबडीत एकच ओळ दोनदा लिहिली गेली असेल, किंवा बाळं दोन असतील. वही दोन्ही बाजूंनी बोलत होती.

अक्षर इंदू सिस्टरांचं होतं. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. शालनने फोन लावला, आवाज चढवून सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

“दोन होत्या गं,” सिस्टर म्हणाल्या. “जुळ्या. पाळणा एकच होता. एकीला खोक्यात ठेवलं आम्ही, बिस्किटांच्या पुड्याच्या खोक्यात. मदत आलेली ना, त्यातलं. लई बारीक होत्या, पण रडायच्या चांगल्या. बघ, मी दोन ओळी लिहिल्यात ना?”

“लिहिल्यात, सिस्टर.”

“मग?”

शालनने त्याच संध्याकाळी उडालेल्या दोन्ही ओळी, एक दत्ताची आणि एक बाळाची, परत घातल्या. ३१४.

संगणकाच्या हाती न लागलेलेही असणारच, हे तिला आता कळलं होतं. आपल्याकडे बाईचं नाव लग्नानंतर बदलतं, ते कसं विसरून चालेल? वॉर्डात सासरच्या नावाने दाखल झालेली बाई तंबूत वडिलांनी आणून बसवली की माहेरच्या नावाने लिहिली जाते. गावही बदलतं. तिने दोन्हीकडच्या बायका वेगळ्या काढल्या आणि वय, रक्तगट, दुखापत लावत बसली. चार जणी सापडल्या. प्रत्येकीच्या दोन ओळींची एक ओळ झाली. ३१०.

सोमवारी तक्ता घेऊन ती साहेबांकडे गेली.

“पस्तीस कमी?” त्यांनी चष्मा काढला. “शालनताई, मागचे सगळे अहवाल ३४५ म्हणतात. वरून विचारलं तर?”

“प्रत्येक नावापुढं कारण लिहिलंय साहेब. कुणीही विचारू द्या.”

त्यांनी दोन पानं उलटून पाहिली, दत्ता मारुतीपाशी थांबले, आणि आकडा लिहून सही केली.

रजिस्टरं पुन्हा बांधायच्या आधी तिने वहीचं शेवटचं पान नुसतंच उघडलं. ११ ऑक्टोबर. ‘लक्ष्मी किसन, वय १९, औसा, पहिलटकरीण.’ खालच्या ओळीत तिचं बाळ, मुलगा. बाळंतिणींच्या यादीत ही तिने पाहिली होती. लाल रजिस्टरात औशाची कुणी लक्ष्मी नव्हती, म्हणून सोडून दिली होती. पण बाळाच्या ओळीत वडिलांच्या नावाचा रकाना भरलेला होता, आणि तो तिने वाचलाच नव्हता. ‘भानुदास, किल्लारी.’

तिने लाल रजिस्टर ओढलं. बोट खाली सरकत गेलं. २७ सप्टेंबर. ‘लक्ष्मी भानुदास, वय १९, किल्लारी. पायाला सूज, बी.पी. जास्त. विश्रांती.’ शेवटच्या रकान्यात, शेऱ्यात, २९ तारखेची बारीक अक्षरातली ओळ होती : ‘पती गणपती विसर्जनासाठी गावी. उद्या येणार.’

लाल रजिस्टरातली तिची नोंद तिथेच संपत होती. वहीत ती सुरू होताना सोबत वडील होते.

शालन बराच वेळ तशीच बसली. बाहेर ओपीडीची रांग संपत आली होती. तेव्हा ती स्वतः नववीत होती. ती पहाट, अंगणात आणून टाकलेल्या गोधड्या, लातुराकडून येणाऱ्या गाड्यांचे आवाज, हे तिला आठवत होतं. पण त्या तंबूत कुणीतरी त्या मुलीला बाळाच्या बापाचं नाव विचारलं असणार, आणि तिने ते सांगितलं असणार, हे तिने आज पहिल्यांदा वाचलं.

अक्षय बॅग भरत होता.

“एक ओळ राहिली,” ती म्हणाली. “दोन लक्ष्मी आहेत. त्यांची एक करायची.”

“नाव कुठलं ठेवू? तंबूतलं नंतरचं आहे.”

“दोन्ही लिही. लक्ष्मी भानुदास, उर्फ लक्ष्मी किसन. गावंही दोन्ही. आणि तो शेरा आहे तसाच टाइप कर.”

“उद्या येणार, हे पण?”

“ते पण.”

त्याने टाइप केलं. ती शेजारी उभी राहून अक्षर न् अक्षर बघत होती. मग सही झालेला तक्ता उचलून ती साहेबांच्या खोलीकडे निघाली. साहेब गाडीची किल्ली हातात घेऊन उठलेलेच होते. तिच्या हातातली उघडी वही पाहून ते परत बसले. दोन्ही ओळी त्यांनी वाचल्या, लाल रजिस्टरातली पुन्हा एकदा वाचली. काही बोलले नाहीत. खिशातलं पेन काढून त्यांनी ३१० वर आडवी रेघ मारली, वर ३०९ लिहिलं आणि बाजूला पुन्हा सही केली.