पाटीवरचं अक्षर

नमस्कार मंडळी. क्लबच्या सेक्रेटरींनी दहा मिनिटं दिलीत, म्हणून ओळखपाळख बाजूला ठेवते. मी याच कॉलेजची, आता लातुरात साइनबोर्डचं काम करते, एवढं पुरे.

स्क्रीनवर चार नावं आहेत: भूम, भोकर, भोकरदन, धारूर. सगळी आपल्या मराठवाड्यातली. आता पुढची स्लाइड बघा. नावं तीच, फाँट तोच. फक्त अक्षरांना जाड पिवळी कड दिली आणि मागं काळी सावली टाकली, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असते तशी. मागच्या बाकावरच्यांनी वाचा बरं. मूम. मोकर. मोकरदन. घारूर.

हसताय, पण झालं काय ते जवळून बघा. ‘भ’ आणि ‘म’मधला, ‘ध’ आणि ‘घ’मधला मोठा फरक डोक्यावर आहे. ‘म’ आणि ‘घ’वर शिरोरेषा सलग जाते. ‘भ’ आणि ‘ध’वर ती डावीकडं तुटते, तिथं एक छोटी खिडकी असते. आउटलाइन वाढवली की कड दोन्ही बाजूंनी सरकते आणि ती खिडकी बुजते. कॉम्प्युटरवर झूम करून काम करताना ती दिसत राहते, म्हणून आपल्याला शंकाच येत नाही. साठ फुटांवर उभ्या माणसाला मात्र ती दिसत नाही. ‘ख’चंही तसंच. त्याचे खालचे दोन पाय नीट जोडलेले नसतील तर ‘रव’ वाचलं जातं. म्हणून तर लिपी सुधारताना ते पाय जोडून घेतले.

आता तुम्ही म्हणाल, भूमचा माणूस भूमची गाडी ओळखतोच की. ओळखतो, कारण त्याला आधीच माहीत असतं. पाटी त्याच्यासाठी नसते. पाटी असते ती पहिल्यांदा आलेल्यासाठी, मोतीबिंदू झालेल्या आजीसाठी, संध्याकाळी दिवे लागायच्या आत गाडी गाठायला पळणाऱ्यासाठी. एसटी स्टँडवर उभं राहून बघा: परभणी, परळी, परतूर. तिन्हींची सुरुवात ‘पर’नंच. पळता पळता माणूस अक्षर अन् अक्षर लावत बसत नाही, वर काय आहे नि खाली काय आहे ते बघतो. परळीला शेवटी वर वेलांटी, परतूरला मधे खाली ऊकार. जागा कमी पडली की आपण पहिली कात्री याच दोघांना लावतो. वेलांटी पाटीच्या वरच्या कडेला चिकटते, ऊकार खालच्या पट्टीत घुसतो. मग राहतं काय? ‘पर’ आणि पुढं काहीतरी.

इंग्रजीतली एक गोष्ट इथं सांगण्यासारखी आहे. ब्रिटनमधल्या रस्त्यांच्या पाट्या जॉक किनियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी १९६० च्या दशकात नव्यानं केल्या. आधी गावांची नावं सगळी कॅपिटलमध्ये असायची, म्हणजे प्रत्येक नाव एकसारखा आयत. त्यांनी पहिलं अक्षर कॅपिटल ठेवून बाकीची लहान केली. लहान अक्षरांतली काही वर जातात, काही खाली उतरतात, त्यामुळं नावाला चढउतार येतो. देवनागरीत कॅपिटल नाहीच, आणि हा चढउतार आपल्याला काना-मात्रा-वेलांटीतून आयता मिळालाय. तो आपण कापतो.

त्यात नावांची लांबी. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. नावाच्या राजकारणात मी पडत नाही, पण पाटी करणाऱ्याच्या नजरेनं बघा: नाव दुपटीच्या आसपास गेलं, पाटी तेवढीच राहिली. बऱ्याच ठिकाणी ‘छ. संभाजीनगर’ लिहून वाट काढली, ते ठीक. जिथं पूर्ण नाव हवं तिथं मात्र माऊसनं कोपरा धरून अक्षरं आडवी दाबली जातात. दाबली की उभे दांडे बारीक होतात आणि शिरोरेषा तेवढीच जाड राहते. सगळं नाव एका आडव्या पट्टीला लोंबकळल्यासारखं दिसतं. हातानं रंगवणारे जुने पेंटर हे कधी करत नसत. दोरी मारून रेघ आखायची, नाव मोठं असेल तर अक्षर अरुंद काढायचं, पण ब्रशची जाडी तीच ठेवायची. माझ्या मते त्या लोकांना टायपोग्राफी आपल्यापेक्षा जास्त कळायची, त्यांनी तो शब्द ऐकला नसला तरी. उलटी चूकही आहे: जागा उरली म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवायचं. इंग्रजीत खपतं. आपल्याकडं शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द कुठं संपला तेच कळत नाही.

दुकानांच्या पाट्यांबद्दल थोडक्यात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानाचं नाव देवनागरीत आधी यायला हवं आणि ते दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. गिऱ्हाईक येतं, म्हणतं, ‘ताई, दोन्हीला सारखाच पॉइंट साइज टाका, झालं.’ नाही होत. देवनागरीला वर वेलांटीची आणि खाली उकाराची जागा लागते, त्यामुळं बऱ्याच फाँटांत त्याच पॉइंट साइजला मराठी अक्षर इंग्रजी कॅपिटलपेक्षा ठेंगणं पडतं. कायदा पाळायचा तर पट्टी लावून अक्षराचं अंग, म्हणजे वेलांटी-उकार सोडून उरलेली उंची, मोजा, सॉफ्टवेअरमधला आकडा नको.

आणि ‘कायार्लय’. हे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, बहुतेक सरकारी इमारतीवरच. रफार ‘या’वरून उडून ‘ल’च्या डोक्यावर जाऊन बसलेला. टाइप करणाऱ्याला मराठी येत नाही असं समजू नका. बहुतेक वेळा जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार जागा सोडतो. पहिली वेलांटीही अशीच घसरते. जुन्या फोटोशॉपमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटून येत असतील तर Preferences मध्ये Type उघडा आणि World-Ready Layout निवडा. पाच सेकंदांचं काम आहे, पण ज्याला ते ठाऊक नाही त्याची फाइल तशीच छापायला जाते आणि पुढची दहा वर्षं भिंतीवर राहते.

फाँट कोणता, हा प्रश्न येणारच, तर आधीच सांगते. मंगल नको. र. कृ. जोशींनी तो विंडोजसाठी केला, स्क्रीनवरच्या मजकुरासाठी तो चांगलाच आहे, पण वीस फुटांच्या बोर्डावर त्याला ताणणं त्याच्यावर अन्याय. ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता घ्या. फुकट आहे, बारीकपासून जाडपर्यंत सात वजनांत मिळतो, म्हणजे आउटलाइन लावून जाड करायची वेळ येत नाही.

आता काम. आमच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा की दहा फुटांमागं एक इंच अक्षर. तो इंग्रजी अक्षरांवरून आलाय, मराठीला किती पुरतो ते आपण इथंच तपासू. उद्या प्रत्येकानं आपल्या गावाचं नाव दोन कागदांवर छापून आणायचं, अक्षराचं अंग चार इंच: एक साध्या मुक्तामध्ये, एक तुम्हाला आवडेल तसं सजवून. कॉरिडॉरच्या टोकाला चिकटवू. वाचणारा दुसऱ्या गावचा हवा, ज्याला ते नाव माहीत नाही. तो जिथं वाचायला चुकेल तिथं फरशीवर खडूनं रेघ मारा आणि शेजारी त्यानं काय वाचलं ते लिहून ठेवा. ज्यांचं गाव ‘भ’नं किंवा ‘ध’नं सुरू होतं त्यांनी आधी यायचं.