पाणी येईस्तोवर
(मालिकेचं बायबल आणि पिच, तिसरा खर्डा, निवड बैठकीसाठी)

एका ओळीत
कर्लीच्या खाडीत ओहोटी लागते, चिखल उघडा पडतो आणि तीन छोटे शेजारी बाहेर येतात. पाणी परत येईस्तोवर त्यांचा दिवस.

२६ भाग, प्रत्येकी ११ मिनिटं. वय ५ ते ८. टूडी कट-आउट अ‍ॅनिमेशन. भाषा मराठी, मधूनमधून मालवणी.

हीच जागा का
मालिकेत खलनायक नाही. त्याचं काम घड्याळ करतं, आणि ते घड्याळ म्हणजे पाणी. ते कुणाचं वाईट चिंतत नाही, पण थांबतही नाही. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, त्यामुळे काही भाग पहाटे घडतात, काही भर दुपारी, काही चांदण्यात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी बिळांच्या वरपर्यंत चढतं, भांगाला लांबच राहतं. लेखकांनी हे वेळापत्रक मोडायचं नाही. कथा अडली म्हणून पाणी उशिरा आणलेलं चालणार नाही.

पात्रं

*उडू*, निवटी. मासा असून चिखलावर उड्या मारते. आधी उडी, मग प्रश्न. तिची कातडी ओली राहावी लागते, म्हणून कितीही रंगात आलेला खेळ सोडून तिला डबक्यात बुडी मारून यावं लागतं. तेवढ्यात काहीतरी हुकतंच. आपल्याशिवाय गंमत होऊन गेली, हे दुःख पाच वर्षांच्या मुलाला नीट कळतं.

*चिंबू*, चिंबोरीचं पोर. नांग्या मोठ्या, आवाज त्याहून मोठा. कात टाकली की काही दिवस त्याचं कवच मऊ असतं. तेव्हा तो कुणाला भेटत नाही आणि कारणही सांगत नाही.

*बिऱ्हाडआजी*, शंखात राहणारा म्हातारा खेकडा. ती मालवणी बोलते. जुना शंख सोडताना रडणाऱ्या पोराला ती एवढंच म्हणते, "घर बारीक नाय झाला रे झिला, तू मोठो झालंस." आजीला शहाणपणाची भाषणं देऊ नयेत. एका भागात तिची तीन वाक्यं पुरेत.

*खंड्या*. फांदीवर बसतो, बोलत नाही. तो मासे खातो हे उडूला माहीत आहे. पडद्यावर कुणी कुणाला खाणार नाही, पण खंड्याला मित्रही करायचं नाही. त्याची सावली पडली की संगीत थांबतं.

पहिला भाग: 'कोंब'
कांदळाची बी झाडावरच रुजते आणि लांब कोंब होऊन खाली पडते. असा एक कोंब उडूच्या बिळाशी आडवा पडतो. उडू त्याला नाव ठेवते, जागा देते, चिंबूला हात लावू देत नाही. आजी सांगते, मूळ धरलं नाही तर पाणी नेईल. मग दोघं त्याला उभं करायला लागतात: शिंपल्यांचा टेकू, चिखलाचा ढीग, शेवटी स्वतःची पाठ. मधेच उडूला बुडी मारायला जावं लागतं आणि ढीग कोसळतो. भांडण होतं. पाणी येतं. कोंब तरंगतो आणि जातो.

इथे आम्ही घाई केलेली नाही. वीस सेकंद उडू नुसती बघते, संवाद नाही. आजी "परत येईल" म्हणत नाही, कारण तो येणार नाही. ती सांगते, की कांदळाचे कोंब महिनोन्महिने तरंगतात आणि कुठेतरी रुजतात. दुसऱ्या ओहोटीला बिळापाशी वेगळाच कोंब पडलेला असतो, कुठल्यातरी दुसऱ्या काठावरचा. तो मालिकाभर मागे वाढत राहतो. शेवटच्या भागात त्याला पान फुटतं.

आणखी काही भाग
'बिऱ्हाडांची रांग': मोठा रिकामा शंख सापडतो, खेकडे आकाराप्रमाणे रांग लावतात, एकाने घर बदललं की सगळ्यांची बदलतात, शेवटच्या पिल्लाला मात्र शंख उरत नाही. 'मऊ दिवस': चिंबू लपतो. 'उधाण': पौर्णिमेची रात्र, बिळातल्या हवेच्या फुग्यात तिघं. 'होड्या गप्प': जून-जुलैत मासेमारी बंद, किनाऱ्यावरच्या माणसांचा आवाज पोरांना आठवतो.

सूर
हळू, ओला, खोडकर. मूल विचारेल ते खरं उत्तर द्यायचं, कळेल एवढंच. आपटण्या-पडण्यावर हसू चालेल, कुणाच्या बोलण्याच्या लकबीवर नाही. विशेषतः मालवणीवर हसू येता कामा नये. आजीची भाषा ही मालिकेतली सर्वांत मायेची भाषा आहे.

रंग चिखलाचेच: राखी, तांबूस, शेवाळी. झगझगीत निळा फक्त खंड्याचा. आवाज खाडीवर रेकॉर्ड करू: चिखलाचे बुडबुडे, श्वासमुळांमधून ओसरणारं पाणी.

आमची मागणी
पहिल्या भागाची पटकथा आणि अ‍ॅनिमॅटिक तयार आहे. तो भाग पूर्ण करण्यासाठी आणि पुढच्या सहा पटकथांसाठी पाठबळ हवं आहे. अ‍ॅनिमॅटिक आधी खाडीकाठच्या शाळेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांना दाखवू. ती वीस सेकंद मुलं गप्प बसली नाहीत, तर प्रसंग पुन्हा लिहू.