शनिवारी दुपारी दोन तास मला द्या

कोल्हापूर,
बुधवार, रात्रीचे साडेअकरा

अहो,

उद्या पहाटे तुम्ही पुण्याला निघाल आणि शुक्रवारी रात्री परत याल. हे पत्र मी तुमच्या बॅगेत, कपड्यांच्या खाली ठेवत आहे. गाडी चालवताना ते हाती पडू नये आणि मुक्कामी पोहोचल्यावर निवांतपणे वाचता यावे, एवढाच त्यामागचा विचार. एकाच घरात राहून पत्र लिहिण्याची वेळ यावी याचे मलाही नवल वाटते. पण गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात मी तुम्हाला विचारले होते, "हल्ली फोन उलटा का ठेवता?" तेव्हा तुम्ही "काही नाही, बॅचचा ग्रुप आहे, सारखा वाजतो" असे म्हणून ताट घेऊन बाहेर गेलात. पलीकडच्या खोलीत आई होत्या, म्हणून मीही पुढे बोलले नाही. तसे पुन्हा होऊ नये म्हणून लिहीत आहे.

जे घडले ते आधी सरळ सांगते. सोमवारी रात्री लेकीच्या सीईटीच्या सराव परीक्षेसाठी मी घरचा लॅपटॉप उघडला. जीएसटीची बिले पाठवण्यासाठी तुम्ही त्यावर व्हॉट्सॲप जोडले होते आणि ते तसेच चालू राहिले होते. तुमच्या डिप्लोमाच्या बॅचमधील त्या मैत्रिणीचा मेसेज माझ्या डोळ्यांसमोर आला. पहिली ओळ न शोधता दिसली, पण पुढच्या ओळी मी वर सरकवून मुद्दाम वाचल्या, आणि ती माझी चूक आहे. तुमचे खासगी बोलणे तुम्हाला न विचारता वाचण्याचा अधिकार बायको म्हणूनही मला नव्हता. पाच-सात मिनिटे वाचले आणि बंद केले. फोटो काढला नाही, कोणाला पाठवले नाही. माझ्या आईला, तुमच्या ताईंना किंवा शाळेतल्या कोणाला यातले अक्षरही माहीत नाही.

जे वाचले ते फक्त एका दिवसाचे होते, कारण त्या चॅटमध्ये मेसेज २४ तासांनी आपोआप नाहीसे होण्याची सोय लावलेली आहे. खरे सांगायचे तर मला पहिला धक्का बसला तो या गोष्टीचा. कामगारांच्या, बँकेच्या, आपल्या मेहुण्यांच्या, कुठल्याच चॅटला तुम्ही ती सोय लावत नाही. पाच वर्षांपूर्वीचे कोटेशनसुद्धा तुम्ही शोधून दाखवता. मग याच बोलण्याचा मागमूस राहू नये असे कोणाला वाटले, आणि कधीपासून? आधीचे काहीच दिसत नसल्यामुळे माझे मन त्या रिकाम्या जागी वाटेल ते भरत बसते. तुम्ही सांगाल ते कदाचित माझ्या कल्पनेपेक्षा बरे असेल, कदाचित वाईट असेल, पण ते निदान खरे असेल.

"आज आवाज ऐकला नाही तर दिवस गेल्यासारखा वाटत नाही" हे तुमचे वाक्य मी वाचले. त्याखालचे तिचे उत्तरही वाचले. ते इथे लिहिण्याइतके धैर्य माझ्यात नाही. आपल्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत नवऱ्याला दुसऱ्या बाईशी बोलावेसे वाटूच नये असे मानण्याइतकी मी भाबडी नाही. जुन्या वर्गमित्रांचे स्नेहसंमेलन झाले, त्या रात्री तुम्ही किती खुलून घरी आला होतात, ते पाहून मलाही बरे वाटले होते. त्या वाक्याने मी रडले, हे लपवत नाही. तरीही दोन रात्री मला झोप लागली नाही ती त्या वाक्यामुळे नव्हे.

ती लागली नाही त्या खालच्या चार ओळींमुळे. तुम्ही तिला लिहिले होते की कॅश क्रेडिटची मर्यादा संपली आहे, कास्टिंगच्या मोठ्या ऑर्डरचे पैसे ऑगस्टपासून अडकले आहेत आणि असेच चालले तर डिसेंबरात दोन माणसे कमी करावी लागतील. पुढे लिहिले होते, "हिला सांगून उपयोग नाही, नुसती काळजी करत बसेल." अहो, दिवाळीच्या आधी लेकीच्या अभ्यासाच्या खोलीत एसी हवा म्हणून मी तुमच्यामागे हट्ट धरला होता. तुम्ही हसत हसत राजारामपुरीतून तो आणलात आणि वर "हप्त्याने कशाला, रोख घेतला" असे सांगितलेत. तेव्हा तुमच्या मनात काय चालले असेल, याचा विचार मी गेले दोन दिवस करते आहे. वर्कशॉपवर संकट आहे हे त्या बाईला माहीत होते आणि मी मात्र बाजारात पडद्यांचे रंग बघत हिंडत होते. गोड शब्द दुसरीला लिहिले याचे दुःख वेगळे. पण स्वतःचा घोर तुम्ही माझ्या हातात न ठेवता तिच्या हातात ठेवलात, हे मला जास्त लागले. माझी जागा खरोखर कुठे गेली असेल तर ती तिथे गेली आहे असे मला वाटते.

यात माझाही वाटा असेल. गेल्या वर्षी वडिलांच्या आजारपणात आठ महिने दर शनिवार-रविवार मी गडहिंग्लजला जात होते, आणि घरी असले तरी उत्तरपत्रिका नाहीतर आईंची औषधे, यांतच माझा जीव असायचा. रात्री तुम्ही काही बोलायला सुरुवात केलीत आणि मी ऐकता ऐकता झोपी गेले, असे एकदा नव्हे, पुष्कळदा झाले. ते मला आठवते. तुम्हाला त्याबद्दल बोलायचे असेल तर मी मध्ये न बोलता ऐकेन. मात्र माझे थकणे आणि तुमचे लपवणे एका तागडीत तोलू नका, एवढे मागते.

२०१९ चा ऑगस्ट तुम्हाला आठवत असेलच. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट; पाणी ३९ च्या पुढे गेल्याचे कळताच तुम्ही शेजाऱ्यांसारखी वाट बघत बसला नाहीत. आईंना, मुलांना आणि धान्याचे डबे वरच्या मजल्यावर हलवलेत. लोक तुम्हाला हसले. पुढे पाणी ५५ फुटांच्या वर गेले, तेव्हा हसणारे आपल्याच जिन्यात येऊन बसले होते. मी आज लिहिते आहे ती याच बुद्धीने. पाणी कुठवर आले आहे ते मला ठाऊक नाही. ते तुम्हालाच ठाऊक आहे.

येत्या शनिवारी माझी शाळा सकाळची आहे, साडेबाराला सुटते. लेक क्लासला असेल, धाकटा मैदानावर आणि आईंजवळ शेजारच्या वहिनी बसतील. त्यांना मी पन्हाळ्याला जाऊन येतो एवढेच सांगितले आहे. रंकाळ्यावर बोलणे होणार नाही, कारण तिथे दर दहा पावलांवर कोणीतरी "काय सर, काय मॅडम" करत थांबवते, आणि कोल्हापुरात दोघांचे उतरलेले चेहरे संध्याकाळपर्यंत चार पेठांत पोहोचतात. पन्हाळ्यावर रविवारसारखी गर्दी शनिवारी दुपारी नसते. तबक उद्यानात एखाद्या झाडाखाली बसू. तुम्हाला दुसरी जागा बरी वाटत असेल तर ती सांगा. फक्त घर नको आणि वर्कशॉप नको.

तिथे मला काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत, आणि त्या आधीच सांगून ठेवते म्हणजे तुम्हाला पेचात पकडल्यासारखे वाटणार नाही. हे बोलणे कधीपासून आणि किती पुढे गेले आहे. तुम्ही दोघे स्नेहसंमेलनानंतर भेटला आहात का. तिच्याविषयी तुमच्या मनात नेमके काय आहे. आणि माझ्याविषयी आता काय उरले आहे. शेवटचा प्रश्न लिहिताना हात थांबला होता, तरी तो खोडत नाही. यानंतर वर्कशॉपच्या कर्जाचा खरा आकडा मला हवा आहे. तो ऐकून मी काळजी करीन हे खरे, पण माझा पगार, माझा पीएफ आणि माझे डोकेही त्या काळजीबरोबर येईल. "ती फक्त मैत्रीण आहे" असे तुमचे उत्तर असेल तर तेही ऐकेन. मात्र मैत्रीला २४ तासांत पुसून टाकण्याची गरज का पडली, हे तुम्हाला मला समजावून सांगावे लागेल.

माझ्याकडून मी शब्द देते की आवाज चढवणार नाही, तुमचा फोन मागणार नाही आणि त्या बाईला किंवा तिच्या घरच्यांना परस्पर फोन करणार नाही. त्या दिवशी कोणताही निर्णय मागणार नाही. दोघांना न उलगडणारे काही निघाले, तर विवाह समुपदेशकाकडे एकत्र जाण्याची माझी तयारी आहे; त्यात मला कमीपणा वाटत नाही. पण तुम्ही हसण्यावारी नेले, किंवा माझे वाचणे हाच काय तो गुन्हा ठरवून बाकीचे टाळलेत, तर मी गप्प बसेन असे समजू नका. गप्प बसून संसार ओढणाऱ्या बायका मी माझ्या माहेरी पाहिल्या आहेत.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचे ४९७ कलम रद्द केले, त्या रात्री जेवताना आईंनी कपाळाला हात लावला होता. तुम्ही त्यांना समजावले होते की हा विषय पोलिसांचा नाहीच, नवऱ्याने आणि बायकोने समोरासमोर बसून मिटवायचा किंवा मोडायचा आहे. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता. तुमचे तेच म्हणणे मी आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

पुण्याहून या विषयावर फोन करू नका. लेक जवळच असते आणि मला तिच्यासमोर खोटे हसता येत नाही. तिची बारावी आहे, तिच्या कानावर यातले काही जाऊ नये. "शनिवारी जाऊ" एवढा एक मेसेज मला पुरेल.

तुमची,
वैशाली

ता. क. लॅपटॉपवरचे व्हॉट्सॲप मी सोमवारी रात्रीच लॉग आउट केले आहे, कारण तो लॅपटॉप लेकही वापरते. बिले पाठवताना तुम्हाला ते पुन्हा जोडावे लागेल. रक्तदाबाच्या गोळ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहेत.