हॉल भाडेकरार : बुकिंग रद्द करणे, अनामत आणि बाहेरचे आचारी यांविषयीच्या अटी

बुकिंग पावती क्र. 214 (दि. 10 मे 2026) वर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांना पुढे 'कार्यालय' आणि 'यजमान' म्हटले आहे. कार्यक्रम : सकाळी साठीशांत, रात्री आखाडाचे जेवण. रविवार, दि. 2 ऑगस्ट 2026, सकाळी 6 ते रात्री 11.30, कोल्हापूर. पाहुणे 350 पर्यंत. भाडे 60,000 रुपये. पैकी 25,000 आगाऊ मिळाले. उरलेले 35,000 आणि अनामत 15,000 रुपये 26 जुलैपर्यंत द्यायचे.

1. बुकिंग रद्द करणे

1.1 यजमानांनी 3 जूनपर्यंत कळवल्यास 2,000 रुपये वजा करून आगाऊ रक्कम परत मिळेल. 4 जून ते 3 जुलै या काळात कळवल्यास निम्मी मिळेल. त्यानंतर आगाऊ रक्कम परत नाही. मात्र तीच तारीख दुसऱ्या कोणी घेतली, तर 3,000 रुपये ठेवून बाकीचे परत करू. 26 जुलैला भरलेले भाडे आणि अनामत कोणत्याही वेळी रद्द केले तरी पूर्ण परत मिळेल.

1.2 कळवणे लेखी हवे. पावतीवरील नंबरला व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज चालेल. "मॅनेजरना फोनवर सांगितलं होतं" हे धरले जाणार नाही.

1.3 पुराबाबत. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर हे कलम घातले आहे. 31 जुलैच्या सकाळपासून कार्यक्रमाच्या वेळेपर्यंत केव्हाही राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी 43 फुटांच्या धोका पातळीला पोहोचली, किंवा प्रशासनाने कार्यालयाकडे येणारा रस्ता बंद केला, तर यजमानांना दोनपैकी एक निवडता येईल : एक वर्षाच्या आत दुसरी मोकळी तारीख, त्याच भाड्यात, किंवा सर्व रक्कम परत. कापाकापी नाही. पातळी 39 फुटांच्या इशारा पातळीवर आहे पण रस्ता सुरू आहे, तर हे कलम लागू नाही. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने सांगली-पुण्याचे पाहुणे अडकले, तर तारीख बदलून मिळेल, रक्कम नाही.

1.4 कार्यालयाने स्वतःहून बुकिंग रद्द केल्यास भरलेली सर्व रक्कम आणि वर 15,000 रुपये भरपाई, सात दिवसांत.

2. अनामत

2.1 अनामत भाड्यात वळती होणार नाही. किल्ली देताना आणि घेताना दोन्ही बाजूंचा एकेक माणूस हॉल, स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहे फिरून पाहील व मोबाइलवर व्हिडिओ काढेल. या व्हिडिओत आधीच दिसणाऱ्या तुटफुटीचा खर्च यजमानांकडून घेतला जाणार नाही.

2.2 कपातीचे दर : स्टीलचे ताट हरवल्यास 150, प्लास्टिकची खुर्ची मोडल्यास 600, भिंतीत खिळा मारल्यास प्रत्येक भोकाला 200 रुपये. डेकोरेशनवाल्याने मारला तरी खिळा यजमानांचाच. होम फरशीवर थेट पेटवायचा नाही. खाली विटा आणि वाळूचा थर घालावा. फरशी तडकल्यास बदलण्याचे प्रत्यक्ष बिल लागेल. हळद-कुंकवाचे डाग आणि अक्षता यांबद्दल काही कापले जाणार नाही, ते शुभकार्यात व्हायचेच.

2.3 दर न ठरलेल्या नुकसानीसाठी बिल दाखवल्याशिवाय कपात नाही. उरलेली अनामत 5 ऑगस्टपर्यंत ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत जाईल.

3. बाहेरचे आचारी

3.1 यजमानांना स्वतःचा आचारी किंवा केटरर आणता येईल. स्वयंपाकघर व पाणी वापराचे 5,000 रुपये वेगळे. घरून केलेले लाडू, चिवडा किंवा बहिणीने आणलेल्या पुरणपोळ्या यांना हे शुल्क नाही.

3.2 केटररच्या एफएसएसएआय नोंदणी किंवा परवान्याची प्रत 26 जुलैपर्यंत द्यावी. प्रत नसल्यास चूल पेटणार नाही.

3.3 साठीशांतीचा स्वयंपाक आतल्या स्वयंपाकघरात. मटण, तांबडा-पांढरा रस्सा आणि त्याची भांडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्येच. आतली पातेली तिकडे न्यायची नाहीत. कार्यालयात सकाळी वेगळी आणि रात्री वेगळी माणसे जेवतात, म्हणून ही अट शिथिल होणार नाही.

3.4 गॅस फक्त 19 किलोचे व्यावसायिक सिलिंडर, एका वेळी जास्तीत जास्त चार. घरगुती सिलिंडर आढळल्यास स्वयंपाक थांबवला जाईल.

3.5 तेल आणि रश्श्याचा तवंग मोरीत ओतायचा नाही. डब्यात भरून परत न्यावा. गटार तुंबल्यास साफसफाईचे 3,000 रुपये अनामतीतून. खरकटे ओल्या कचऱ्यात, पत्रावळ्या व बाटल्या वेगळ्या.

3.6 बाहेरच्या आचाऱ्याच्या जेवणामुळे कोणाला त्रास झाल्यास जबाबदारी यजमान आणि आचारी यांची. कार्यालयाच्या टाकीतील पाणी दूषित निघाल्यास ती कार्यालयाची.

3.7 स्वयंपाकघर व शेड रात्री 11.30 पर्यंत रिकामे. पुढच्या प्रत्येक तासाला 1,000 रुपये. लाऊडस्पीकर 10 वाजता बंद. त्याला जादा पैसे भरून सवलत नाही.

वादाचा निवाडा कोल्हापूरच्या न्यायालयात. कराराच्या दोन प्रती, दोन्हींच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या.