बेंझीनचा ह्युकेल हिशोब: एम.एस्सी. प्रथम वर्षासाठी टिपण

येळवशीला निम्मा वर्ग शेतावर भज्जी-आंबिलाच्या पंगतीत होता, म्हणून त्या दिवशी फळ्यावर झालेलं इथे लिहून देतोय. लातुरात त्या दिवशी वर्ग ठेवणं हेच मुळात चुकीचं, पण वेळापत्रक आमच्या हातात नसतं.

एरिक ह्युकेलने 1931 मध्ये हा मार्ग दाखवला. σ सांगाडा बाजूला ठेवायचा आणि सहा कार्बनांच्या सहा p ऑर्बिटल्सपुरतंच बघायचं. प्रत्येक कार्बनला α, शेजाऱ्याशी β, बाकी सगळीकडे शून्य. वेगवेगळ्या अणूंमधला ओव्हरलॅपही शून्य. β ऋण असतो, हे शेवटपर्यंत ध्यानात ठेवा.

सगळीकडे β ने भागून x = (α − E)/β घेतलं की डिटर्मिनंट असा दिसतो, आणि तो शून्य हवा:

```
x 1 0 0 0 1
1 x 1 0 0 0
0 1 x 1 0 0
0 0 1 x 1 0
0 0 0 1 x 1
1 0 0 0 1 x
```

कोपऱ्यातले दोन 1 बघा. पहिला आणि सहावा कार्बन शेजारी आहेत, म्हणून ते तिथे आलेत. पेपरात हमखास हेच राहून जातात आणि मग पोरं बेंझीनच्या नावाखाली इमानेइतबारे हेक्झाट्राईन सोडवून ठेवतात. तिथे एकूण ऊर्जा 6α + 6.99β येते, रिंग जुळली की किती, ते पुढे येतंच.

विस्तार केल्यावर मिळतं:

x⁶ − 6x⁴ + 9x² − 4 = (x² − 4)(x² − 1)² = 0

एवढा विस्तार हाताने करण्यात वेळ घालवू नका. रिंगची सममिती वापरली की सरळ Eₖ = α + 2β cos(2πk/6), k = 0, ±1, ±2, 3. म्हणजे खालून वर:

α + 2β (एक), α + β (दोन), α − β (दोन), α − 2β (एक)

पडताळा सोपा आहे. x च्या सहा किमतींची बेरीज शून्य यायला हवी, कारण कर्णावर x खेरीज काही नाही. वर्गांची बेरीज बंधांच्या दुप्पट: 4+1+1+1+1+4 = 12, बंध सहा. जुळलं.

सहा इलेक्ट्रॉन खालच्या तीन पातळ्यांत बसतात: 2(α + 2β) + 4(α + β) = 6α + 8β. तीन सुटी एथिलीन घेतली तर 6α + 6β. फरक 2β, हीच डीलोकलायझेशन ऊर्जा. हायड्रोजनेशनच्या मोजमापातून बेंझीनची जादा स्थिरता साधारण 150 kJ/mol निघते, म्हणजे या हिशोबाने β सुमारे −75 kJ/mol. दुसऱ्या गुणधर्मावरून β काढला तर हाच आकडा येईल असं मात्र समजू नका. पद्धत ढोबळच आहे.

सोमवारी येताना सायक्लोब्युटाडाईनचा 4×4 डिटर्मिनंट सोडवून आणा. x = 0 दोनदा आलं नाही, तर आधी कोपरे तपासा.