शेवटची ओळ

बीजगणिताच्या सराव पेपरात प्राचीला 40 पैकी 36 गुण पडले. तीन कुठे गेले ते तिला ठाऊक होतं. आलेख काढताना घाई झाली होती. चौथा मात्र कुठे गेला तेच कळेना. जीएसटीचं उदाहरण होतं, रीत बरोबर, आकडे बरोबर, तरी 3,600 या उत्तराभोवती सरांचा लाल गोल आणि एक गुण कमी. सर दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षणाला गेले, आता सोमवारशिवाय येणार नव्हते.

एका गुणाचं एवढं काय, असं ज्याच्या घरी दहावीची पोरगी नाही तोच म्हणेल.

निळ्या गाडीत वैष्णवी शेजारी बसली होती. मानव विकासची गाडी, त्यामुळे आत सगळ्या पोरीच.

"तुह्यं किती आलं वं त्या उदाहरणाचं?"

"1,800. पूर्ण गुण भेटले."

म्हणजे प्राचीच्या निम्मं. वैष्णवी पाढेसुद्धा बोटावर मोजणारी. तिला जमलं आणि आपल्याला नाही, हे प्राचीच्या जास्त जिव्हारी लागलं. घरी येऊन तिने तेच उदाहरण पुन्हा सोडवलं. 80,000 चा माल घेतला, 1,00,000 ला विकला, दर 18 टक्के. विक्रीवरचा कर 18,000, खरेदीवर भरलेला 14,400, उरले 3,600. रात्री पुन्हा केलं, तेच. सकाळी चुलीजवळ बसून केलं, तेच. दरवेळी गणित तोंडपाठ असल्यागत वहीत उतरवायची, प्रश्नपत्रिका दप्तरातच.

"मले जीएसटी समजतच नाई," तिने आईला सांगून टाकलं.

आईने ते बाबांना सांगितलं, आणि चुलतभावाने त्यात भर घातली. तालुक्याला बोर्डाच्या आधी एक क्लास घेतात, पण पैसे आधी भरावे लागतात. घरात पैसा म्हणजे खळ्यावर पडलेली तूर. बाबा ती यार्डात नेणार होते, भाव जरा चढला की. आता खेडा खरेदीवाल्याला गावातच देऊन टाकू म्हणाले. तो काटा मारतो हे अख्ख्या गावाला माहीत, पण रोख देतो.

प्राची काही बोलली नाही. नको म्हणायला तोंड उघडत नव्हतं, हो म्हणायलाही नाही.

शनिवारी संध्याकाळी बाबा कृषी केंद्रातून हरभऱ्याचं औषध घेऊन आले. यंदा घाटेअळी जास्त होती. त्यांनी खिशातली पावती काढून तिच्यापुढे धरली.

"पाह्य बरं, यानं जास्तीचे त नाई लावले? 600 सांगत होता, अन् घेतले 708."

"कर असते ना बाबा. 18 टक्के."

तिने पावती दिव्याखाली धरली. औषध 600. त्याखाली सीजीएसटी 9 टक्के, 54 रुपये. त्याखाली एसजीएसटी 9 टक्के, 54 रुपये. दोन ओळी, दोन्ही सारख्या. अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. हे तर तिला आधीपासून येत होतं, पुस्तकाच्या त्या धड्यात पहिल्याच पानांवर आहे.

वैष्णवीचं निम्मं.

तिने दप्तर उलटं केलं. प्रश्नपत्रिका विज्ञानाच्या वहीत घडी घातलेली सापडली. 80,000 खाली पेन्सिलीची रेघ, 1,00,000 खाली रेघ, 18 टक्क्यांखाली तर दोन. पेपरात तिनेच मारलेल्या. रेघा तिथेच संपत होत्या. खालची ओळ कोरी होती: 'तर त्या व्यापाऱ्याला किती सीजीएसटी भरावा लागेल?'

जीएसटी नव्हे, सीजीएसटी. 3,600 ला दोनने भागायचं आणि झालं. तिने पुस्तकात अशी दहा उदाहरणं केली होती आणि बहुतेकांत एकूण कर विचारला होता, म्हणून आकडे दिसताच हात चालू लागला होता.

"बाबा, मले येते!"

"काय येते?"

"जीएसटी. मी सवालच पुरा नाई वाचला. थ्यो अर्धा मागून राह्यला होता, मी पुरा देल्ला."

बाबांनी पावती परत घेऊन नीट घडी घातली. त्यांना त्यातलं निम्मंच कळलं असावं. "मंग गुण भेटते काय आता?"

"नाई भेटत."

"मंग हासून काहून राह्यली?"

तिने उत्तर दिलं नाही. ती मागच्या पानावर गेली होती, पेन्सिल घेऊन, आणि प्रत्येक प्रश्नाची फक्त शेवटची ओळ वाचत होती. अंकगणिती श्रेढीच्या उदाहरणात पदांची बेरीज विचारली होती की विसावं पद? बेरीज. तिने बेरीजच काढली होती. हुश्श.

"बाबा, थ्या तूरवाल्याले काय सांगतलं तुमी?"

"उद्या सकाळी ये म्हनलं."

"नोका येऊ म्हना. यार्डातच नेऊ."

बाबांनी मोबाइल काढला. घरात रेंज नव्हती, म्हणून ते चपला घालून खळ्याकडे निघाले.