विवाह नोंदणीसाठी अर्ज (विवाह दि. ८ मे २०११), सोबत छायाचित्रांचा तपशील व प्रतिज्ञापत्र

दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. विवाह निबंधक तथा ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, साकळी,
ता. यावल, जि. जळगाव

अर्जदार : १) श्री. नितीन सुधाकर पाटील, वय ४० वर्षे, धंदा शेती
२) सौ. वैशाली नितीन पाटील (माहेरचे नाव कु. वैशाली रघुनाथ चौधरी), वय ३७ वर्षे, धंदा घरकाम
दोघेही रा. साकळी, ता. यावल, जि. जळगाव

विषय : दि. ८ मे २०११ रोजी झालेल्या विवाहाची नोंद मुदतीनंतर करून प्रमाणपत्र मिळणेबाबत.

संदर्भ : महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन आणि विवाह नोंदणी अधिनियम, १९९८.

महोदय,

आम्ही दोघे अर्ज करतो की, आमचा विवाह रविवार दि. ८ मे २०११ (वैशाख शुद्ध ५, शके १९३३) रोजी सायंकाळी गोरज मुहूर्तावर, वधूच्या माहेरी, मौजे धानोरा, ता. चोपडा, जि. जळगाव येथे घरापुढच्या मंडपात हिंदू पद्धतीने झाला. त्या वर्षी आखाजी शुक्रवारी ६ मे रोजी होती आणि आमचे लग्न तिच्या तिसऱ्या दिवशी लागले. दोन्हीकडच्या नातेवाइकांना तारीख आजही त्यावरूनच आठवते.

विवाह धानोऱ्यास झाला असला तरी लग्नापासून आम्ही दोघे साकळी येथेच सलग राहत आहोत. पती किंवा पत्नी जिथे राहते तिथल्या निबंधकाकडेही नोंद करता येत असल्याने हा अर्ज आपल्याकडे केला आहे. धानोरा ग्रामपंचायतीत किंवा अन्य कोणत्याही निबंधकाकडे या विवाहाची नोंद केलेली नाही. तसे प्रतिज्ञापत्रात लिहून दिले आहे.

कायद्याप्रमाणे विवाहापासून ९० दिवसांत ज्ञापन द्यायचे होते. ती मुदत ६ ऑगस्ट २०११ रोजी संपली. त्या वेळी रेशनकार्डात नाव चढले, बँकेत खाते निघाले, मुलांचे जन्मदाखले मिळाले आणि दाखल्यावाचून काही अडले नाही, म्हणून नोंद राहून गेली. विलंबाचे याखेरीज दुसरे कारण नाही. कुणाची हरकत, कोर्टातील वाद किंवा पूर्वीचा विवाह अशी कोणतीही बाब यामागे नाही.

आता अडचण आली ती नावाची. पत्नीची दहावी, बारावी व डी.एड.ची प्रमाणपत्रे 'चौधरी वैशाली रघुनाथ' या नावाने आहेत, तर आधार, पॅन व बँक पासबुक 'वैशाली नितीन पाटील' या नावाने. शिक्षिकेच्या पदासाठी कागदपत्र पडताळणीत ही दोन नावे एकाच व्यक्तीची असल्याचा पुरावा म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्र मागितले आहे. तिने सासरी दोन लेकरे सांभाळत, रात्री अभ्यास करून ही पात्रता मिळवली. एका न झालेल्या नोंदीमुळे तिची संधी जाऊ नये, एवढीच आमची कळकळीची विनंती आहे.

विवाहाच्या दिवशी वराचे वय २५ वर्षे १० महिने २४ दिवस (जन्म १४ जून १९८५) आणि वधूचे वय २२ वर्षे ७ महिने ६ दिवस (जन्म २ ऑक्टोबर १९८८) होते. दोघांच्याही जन्मतारखा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून घेतल्या आहेत. दोघेही विवाहापूर्वी अविवाहित होते.

ज्ञापन नमुना 'ड' दोन प्रतींत भरून, १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जोडले आहे. नोंदणीची फी व विलंब शुल्क नियमाप्रमाणे आपल्या कार्यालयात रोख भरण्यास तयार आहोत. त्याची पावती मिळावी.

ज्ञापनात पुरोहिताच्या सहीची जागा रिकामी आहे. आमचे लग्न लावणारे कै. मुकुंद दत्तात्रय जोशी गुरुजी, रा. धानोरा, यांचे २०१९ मध्ये निधन झाले. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत त्यांच्या मुलाकडून घेऊन जोडली आहे. दुसऱ्या गुरुजींची सही आणून ती जागा भरणे खोटे ठरले असते, म्हणून तसे केले नाही. त्याऐवजी प्रतिज्ञापत्रात स्वतंत्र परिच्छेद घातला आहे आणि साक्षीदार म्हणून लग्नाला प्रत्यक्ष हजर असलेलेच तिघे घेतले आहेत.

लग्नपत्रिका मूळ जोडली आहे. तिच्या खालच्या उजव्या कोपऱ्याला वाळवी लागली असून 'आपले नम्र' खालची दोन नावे गेली आहेत. तिथी, तारीख, स्थळ व वधूवरांची नावे शाबूत आहेत. पत्रिकेत वधूचे नाव 'चि. सौ. कां. वैशाली ऊर्फ बेबी' असे छापले आहे. 'बेबी' हे घरातले हाक मारण्याचे नाव आहे, कोणत्याही सरकारी कागदावर नाही. ते नोंदवहीत येऊ नये.

नोंद करताना तीन गोष्टी कटाक्षाने पाहाव्यात, ही विनंती. पत्नीचे विवाहापूर्वीचे व नंतरचे अशी दोन्ही नावे प्रमाणपत्रावर यावीत, कारण एकच नाव आले तर ज्या कामासाठी दाखला हवा तेच होणार नाही. विवाहाची तारीख अंकी व अक्षरी लिहावी. आणि इंग्रजी स्पेलिंग आधारप्रमाणे घ्यावे : 'वैशाली'च्या शेवटी वाय नसून आय आहे. संगणकावर टंकल्यावर छापण्यापूर्वी आम्हाला एकदा वाचायला द्यावे. नंतरची दुरुस्ती आपल्यालाही आणि आम्हालाही खेटे घालायला लावते.

छायाचित्रांचा तपशील

पासपोर्ट आकाराचे प्रत्येकी दोन फोटो ज्ञापनाच्या दोन प्रतींसाठी आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्येच काढले असून चष्मा, टोपी नाही आणि पाठीमागे पांढरा पडदा आहे. ते ज्ञापनावर चिकटवले आहेत, पिना मारलेल्या नाहीत. दोघांचा एकत्र फोटो एक वेगळा जोडला आहे.

लग्नाचे फोटो चार आहेत, प्रत्येक ४ बाय ६ इंची. अल्बममधले मूळ फोटो प्लास्टिकला चिकटल्याने ओढून काढले तर चेहऱ्याचा रंग निघून येतो. म्हणून पान तसेच ठेवून स्कॅन केले व नव्या प्रती काढल्या. मूळ अल्बम पडताळणीच्या दिवशी सोबत आणू.

फोटो १ : अंतरपाट धरलेला, दोन्ही बाजूंना वधूवर, मध्ये जोशी गुरुजी. गुरुजी स्पष्ट दिसणारा हा एकच फोटो असल्याने तो मुद्दाम घेतला.
फोटो २ : वधू वराला हार घालताना. मागे साक्षीदार क्र. १ उभे आहेत, डोक्याला फेटा.
फोटो ३ : होमाभोवती सप्तपदी. उपरण्याची गाठ दिसते.
फोटो ४ : दोन्हीकडच्या आईवडिलांसह.

या फोटोंच्या खालच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने केशरी अक्षरांत ०५/०८/२०११ असे छापले आहे. ते ५ ऑगस्ट असे वाचले जाण्याचा संभव आहे. कॅमेऱ्यात आधी महिना, मग दिवस अशी मांडणी होती, म्हणून ती तारीख ८ मे हीच आहे. ऑगस्ट २०११ मध्ये चातुर्मास चालू होता, त्या काळात आमच्याकडे लग्ने लागत नाहीत. पत्रिकेवरही ८ मे स्पष्ट आहे. फोटोवरील तारीख खोडलेली किंवा झाकलेली नाही, जशी आहे तशी ठेवली आहे. प्रत्येक फोटोच्या मागे दोघांच्या सह्या आहेत.

प्रतिज्ञापत्र

(मा. कार्यकारी दंडाधिकारी तथा नायब तहसीलदार, यावल यांचे समोर)

आम्ही, १) नितीन सुधाकर पाटील, वय ४० वर्षे, व २) वैशाली नितीन पाटील, वय ३७ वर्षे, दोघेही रा. साकळी, ता. यावल, जि. जळगाव, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की,

१. आमचा विवाह दि. ८ मे २०११ (आठ मे दोन हजार अकरा) रोजी मौजे धानोरा, ता. चोपडा येथे हिंदू रीतीने, सप्तपदीसह, दोघांच्या राजीखुशीने झाला.

२. विवाहाच्या वेळी आम्हा दोघांपैकी कुणाचाही पती अथवा पत्नी हयात नव्हती. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ५ मधील वय, नाते व इतर शर्ती पूर्ण होत्या. आम्ही निषिद्ध नातेसंबंधात किंवा सपिंड नाही.

३. तेव्हापासून आजपर्यंत आम्ही पतिपत्नी म्हणून एकत्र राहत आहोत. आमच्यात घटस्फोट झालेला नाही व तसा दावा कोणत्याही कोर्टात चालू नाही. आम्हाला एक मुलगी (जन्म २०१३) व एक मुलगा (जन्म २०१७) आहे.

४. कु. वैशाली रघुनाथ चौधरी, पत्रिकेतील 'वैशाली ऊर्फ बेबी' आणि सौ. वैशाली नितीन पाटील ही एकाच व्यक्तीची नावे असून ती व्यक्ती मी, अर्जदार क्र. २, आहे.

५. विवाह लावणारे पुरोहित कै. मुकुंद दत्तात्रय जोशी मयत असल्याने त्यांची सही घेता आली नाही.

६. सोबतची छायाचित्रे आमच्याच विवाहाची आहेत. त्यांवरील ०५/०८/२०११ ही तारीख महिना-दिवस-वर्ष अशी असून ८ मे २०११ दर्शविते.

७. या विवाहाची नोंद यापूर्वी कोठेही केलेली नाही. ९० दिवसांत नोंद न होण्याचे कारण आमचे दुर्लक्ष हे आहे, त्यात कोणताही गैरहेतू नाही.

वरील मजकूर आम्ही वाचला. तो आमच्या माहितीप्रमाणे खरा आहे. खोटा आढळल्यास भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम २२९, २३६ व २३७ प्रमाणे आम्ही शिक्षेस पात्र राहू, याची जाणीव आहे.

ठिकाण : यावल
दिनांक : १३ नोव्हेंबर २०२५

सही/- नितीन सुधाकर पाटील
सही/- वैशाली नितीन पाटील

साक्षीदार

आम्ही खालील तिघे या विवाहास प्रत्यक्ष हजर होतो. ज्ञापनावरील सह्या आमच्या आहेत.

१) श्री. प्रकाश रघुनाथ चौधरी, वय ४२, वधूचे भाऊ, रा. धानोरा. सही/-
२) श्री. मधुकर विठ्ठल पाटील, वय ६७, वराचे काका, रा. साकळी. सही/-
३) सौ. उषा प्रभाकर महाजन, वय ५८, वराची आत्या, रा. फैजपूर. सही/-

साक्षीदार क्र. २ यांना गुडघ्याच्या दुखण्यामुळे जिना चढता येत नाही. पडताळणीच्या दिवशी त्यांची ओळख खालच्या मजल्यावर पटवून घेतल्यास उपकार होतील. तिघांच्या आधारच्या प्रती साक्षांकित करून जोडल्या आहेत.

सोबत जोडलेली कागदपत्रे : ज्ञापन नमुना 'ड' दोन प्रती; मूळ प्रतिज्ञापत्र; मूळ लग्नपत्रिका व तिची प्रत; वरील छायाचित्रे; दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले; दोघांचे आधार व रेशनकार्ड; पत्नीचे दहावीचे प्रमाणपत्र; मुलांचे जन्मदाखले; पुरोहितांच्या मृत्यूचा दाखला; साक्षीदारांचे आधार. प्रतींवर आम्ही स्वतः सह्या केल्या आहेत, मूळ कागद पडताळून लगेच परत मिळावेत. मूळ पत्रिका एकच उरली आहे, ती दप्तरी ठेवू नये.

विवाह नोंदणी दाखला ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. अर्जाची तारीखवार पोच द्यावी. काही त्रुटी असल्यास त्या सर्व एकाच वेळी लेखी कळवाव्यात. पती शेतात असला तरी पत्नी घरी असते, निरोप साकळीतच पोचेल.

आपले विश्वासू,

सही/- नितीन सुधाकर पाटील
सही/- वैशाली नितीन पाटील